आतेभावाशी लग्न, नणंदेचा आजार आणि राहून गेलेली एक रक्ततपासणी

«माझे वय २६. गेल्या वर्षी माझे लग्न माझ्या आत्याच्या मुलाशी झाले. त्यांच्या थोरल्या बहिणीला लहानपणी दर महिन्याला सोलापूरला नेऊन रक्त भरावे लागे. ती नऊ वर्षांची असताना गेली. तिचा कागद एकही उरलेला नाही. आत्या म्हणतात, तिला कावीळ झाली होती. थोरल्या दिरांची दोन्ही मुले धडधाकट आहेत, माझे पती दरवर्षी रक्तदान करतात. माझे हिमोग्लोबिन मात्र लोहाच्या गोळ्या घेऊनही दहाच्या वर जात नाही. आम्हाला आता मूल हवे आहे. डॉक्टरांनी जनुकीय समुपदेशन करून घ्यायला सांगितले, पण घरचे म्हणतात की तिथे ‘मूल होऊ देऊ नका’ एवढेच सांगतील. तिथे नेमके काय करतात? जाण्यात अर्थ आहे का?»
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

अर्थ आहे, मात्र दिवस राहण्याच्या आधी जा. मूल होऊ द्यावे की नाही, हा तिथला पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न असतो तो हा, की तुमच्या नणंदेला नेमके काय झाले होते. तो सुटल्याशिवाय पुढे केलेली प्रत्येक तपासणी म्हणजे अंधारात मारलेला दगड, आणि जुने कागद हरवलेले असताना हा प्रश्न सोडवणे हेच समुपदेशकाचे खरे कसब.

तुमच्या वर्णनावरून थॅलेसेमिया मेजर हा आजार मनात येणे स्वाभाविक आहे, पण नियमित रक्त भरावे लागते असे आजार एकापेक्षा अधिक आहेत. म्हणून समुपदेशक आत्यांना विचारील की पहिल्यांदा रक्त भरले तेव्हा मुलगी किती महिन्यांची होती. थॅलेसेमिया मेजरचे मूल जन्मतः गुटगुटीत असते. साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ते हळूहळू पांढरेफटक पडते, यकृत आणि पाणथरी वाढल्याने पोट पुढे येते, आणि रक्त पुरेसे मिळाले नाही तर गालांची व कपाळाची हाडे उंच दिसू लागतात. याउलट मुलगी सहा-सात वर्षांची होईपर्यंत ठीक होती, मग अंगावर काळेनिळे डाग पडू लागले, नाकातून रक्त येऊ लागले, अशी हकीकत निघाली तर हाडांतील मगज सुकण्याच्या आजारांकडे पाहावे लागते. त्यांपैकी फॅन्कोनी ॲनिमिया हाही अनुवंशिक असून नात्यातल्या लग्नांतून अधिक आढळतो. त्यात मुलाची उंची कमी राहणे आणि अंगठ्याच्या रचनेत दोष असणे या खुणा अनेकदा सापडतात. एखादा जुना फोटो घरात असेल तर तो जरूर न्या, कारण कागद हरवले तरी पोटाचा आकार, चेहऱ्याची ठेवण आणि हाताचा अंगठा त्या फोटोत राहिलेला असतो.

आत्यांनी कावीळ सांगितली म्हणून त्या काही लपवत आहेत, असे समजू नका. थॅलेसेमिया मेजरमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे डोळे पिवळे दिसतात, आणि पूर्वी वारंवार रक्त भरलेल्या मुलांना त्या रक्तातून कावीळ होण्याचे प्रमाणही बरेच होते. त्यांनी पाहिले तेच त्या सांगत आहेत.

आता कागदांवाचून निदान कसे करायचे, ते पाहू. थॅलेसेमिया मेजर होण्यासाठी मुलाला आई आणि वडील या दोघांकडूनही, हिमोग्लोबिनचा एक घटक असलेल्या बीटा ग्लोबिनचे बिघडलेले जनुक मिळावे लागते, म्हणजे दोघेही वाहक असावे लागतात. वाहकाला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तो रोगी नसतो, त्याला उपचार लागत नाहीत आणि त्याचे आयुष्य इतरांसारखेच असते. पण त्याचे वाहक असणे साध्या रक्ततपासणीत जन्मभर दिसते. त्यामुळे इतक्या वर्षांपूर्वीच्या आजाराचा पुरावा तुमच्या सासू-सासऱ्यांच्या रक्तात आजही आहे. दोघांची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि एचपीएलसी या पद्धतीची हिमोग्लोबिन तपासणी केली आणि दोघेही वाहक निघाले, तर नणंदेला थॅलेसेमिया मेजर होता हे जवळजवळ निश्चित होते. दोघांपैकी कोणीच वाहक नसेल तर तो आजार दुसराच होता आणि शोध नव्या दिशेने न्यावा लागेल. सासू-सासऱ्यांना सोबत आणायला सांगतात ते एवढ्यासाठी. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे. मात्र घरात हा गैरसमज हमखास होतो, म्हणून ही गोष्ट त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवलेली बरी.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास लागतो आणि त्यातला बराच वेळ वंशवृक्ष काढण्यात जातो. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आजारी व्यक्तीची खूण भरीव आणि नात्यातल्या लग्नाला जोड रेघ, अशी ती आकृती निदान तीन पिढ्यांची असते. त्यात पडलेले गर्भ, दोन दिवसांचे होऊन गेलेले मूल, ‘तो जरा मंद होता’ म्हणून ज्याचे नाव निघत नाही असा एखादा काका, हे सगळे विचारले जाते. तुमच्या आजी-आजोबांचे आपसांत नाते होते का, तसेच आत्या आणि सासरे लग्नाआधीच नात्यातले होते का, हेही विचारतील, कारण नाते पिढ्यान्‌पिढ्या दुहेरी-तिहेरी होत गेले असेल तर पुढचे गणित बदलते.

ते गणित तुमच्यासाठी मांडून पाहू. सासू-सासरे दोघेही वाहक आहेत असे धरा. अशा जोडप्याच्या दर चार मुलांमागे सरासरी एक आजारी, दोन वाहक आणि एक पूर्ण मुक्त असते. तुमचे पती आजारी नाहीत, म्हणजे त्यांची जागा उरलेल्या तिघांत आहे आणि त्या तिघांत दोघे वाहक असतात. म्हणून ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. आता तुमची बाजू. आत्या वाहक असतील तर त्यांना ते जनुक तुमच्या आजीकडून किंवा आजोबांकडून आलेले असणार. मग आत्यांचे भाऊ, म्हणजे तुमचे वडील, वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्यांच्याकडून ते तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यता त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. दोघेही वाहक निघाल्यास प्रत्येक मूल आजारी असण्याची शक्यता पुन्हा चारात एक. या तिन्हींचा गुणाकार केला की चोविसात एक हे उत्तर येते.

तुमच्या पतींनी नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न केले असते तर काय झाले असते? भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरी शंभरात तीन ते चार आहेत. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण याहून बरेच अधिक आहे. सरासरीचा आकडा धरला तर तेच उत्तर साधारण दीडशे ते दोनशेत एक असे आले असते. नात्यातल्या लग्नाने नवा आजार निर्माण होत नाही, हे इथे लक्षात घ्या. एकाच आजोबांकडे किंवा आजीकडे असलेले जनुक दोन वाटांनी खाली येऊन एकाच मुलात पुन्हा भेटण्याची संधी तेवढी वाढते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे सगोत्र लग्नाला कपाळावर आठ्या पडतात, पण मामाच्या मुलीला घरात सून म्हणून आणणे कौतुकाचे मानले जाते. गोत्र बापाकडून चालत असल्याने आत्याच्या मुलाचे गोत्र वेगळे ठरते, म्हणून रूढीला ते चालते. जनुके मात्र आईकडून आणि बापाकडून सारखीच येतात. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात आणि चुलत भावंडांतही नेमकी तेवढीच असतात. एक नाते निषिद्ध आणि दुसरे हक्काचे, हा भेद समाजाचा आहे, शरीराचा नव्हे.

पण चोविसात एक हा आकडा तुमच्या निर्णयाचा आधार होऊ देऊ नका. तो तपासणीपूर्वीचा आकडा आहे. तुमचे आणि तुमच्या पतींचे रक्त तपासले की तो मोडतो: दोघांपैकी एक जण जरी वाहक नसल्याचे खात्रीने ठरले, तरी मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते आणि दोघेही वाहक निघालात तर ती चारात एक होते. चोविसात एक अशी अवस्था प्रत्यक्षात कोणत्याच जोडप्याची नसते. घरोघरी लोक अशा मधल्या धूसर आकड्याला भिऊन वर्षे काढतात किंवा त्यालाच ‘फार नाही’ म्हणत पुढे जातात, आणि काही शे रुपयांची तपासणी तशीच राहून जाते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे आता नवल वाटत नाही, खेद मात्र वाटतो.

दिरांच्या मुलांचे म्हणाल, तर त्यांच्या धडधाकट असण्यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तुमच्या जाऊबाई नात्याबाहेरच्या असतील तर त्या वाहक असण्याची शक्यता मुळातच कमी. त्यामुळे दीर वाहक असले तरी मुले बहुधा निरोगीच असणार, फार तर वाहक असतील. रक्तदानाचेही तसेच आहे. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन साडेबारा लागते आणि अनेक वाहक पुरुषांचे ते तेवढे असते. रक्तपेढी दिलेल्या रक्ताची कावीळ, एचआयव्ही, मलेरिया, गुप्तरोग यांसाठी तपासणी करते. थॅलेसेमियाचा वाहक कोण, हे ती एरवी पाहत नाही.

तुमचे स्वतःचे हिमोग्लोबिन मात्र लक्ष देण्यासारखे आहे. लोह घेऊनही न वाढणारे दहा हे वाहकाचे लक्षण असू शकते, पण आपल्याकडे लोहाची कमतरताच इतकी सर्रास असते की केवळ तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. गोळी चहाबरोबर घेतली जाते, मळमळते म्हणून मध्येच सोडली जाते, पाळीत रक्तस्राव जास्त असतो. ही कारणेही तितकीच संभवतात. म्हणून सीबीसीच्या अहवालात हिमोग्लोबिनखेरीज आणखी दोन आकडे पाहायचे: तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, आणि तांबड्या पेशींची एकूण संख्या. वाहकाच्या पेशी लहान असतात, एमसीव्ही बहुधा ८० च्या बराच खाली असतो, पण पेशींची संख्या भरपूर असते, पुष्कळदा ५० लाखांच्या वर. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहानच होतात, मात्र त्यांची संख्याही घटते. हा झाला अंदाज. निवाडा देते ती एचपीएलसी, ज्यात हिमोग्लोबिन ए-२ नावाच्या घटकाचे प्रमाण मोजतात. एरवी ते दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते. वाहकात ते चार टक्के किंवा त्याहून अधिक भरते.

अडचण येते ती सीमारेषेवर. ए-२ साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे असेल तर प्रयोगशाळा कधी ‘सामान्य’ छापते, कधी ‘संशयास्पद’. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ए-२ खाली ओढला जाऊन वाहकाचा अहवालही सामान्य वाटू शकतो. शिवाय काही सौम्य बिघाडांत तो मुळात फारसा वाढतच नाही. एक जोडपे माझ्याकडे सतराव्या आठवड्यात आले होते. पत्नीच्या अहवालावर ए-२ ३.४ टक्के आणि खाली ‘सामान्य’ असा शिक्का होता. पती वाहक असल्याचे आधीच माहीत होते. एमसीव्ही ६६ असल्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. डीएनए तपासणीत पत्नीही वाहक निघाली आणि जे निर्णय शांतपणे, महिनाभर विचार करून घ्यायचे, ते त्या दोघांना आठवड्याभरात घ्यावे लागले. तुम्ही अजून गर्भवती नाही, त्यामुळे तुमच्याजवळ वेळ आहे. लोहाची पातळी दाखवणारी फेरिटिन तपासणी सोबत करून घ्या. लोह कमी असेल तर ते भरून काढून दोन-तीन महिन्यांनी एचपीएलसी पुन्हा करता येते, किंवा थेट डीएनए तपासणीकडे जाता येते. आणि आणखी एक: तुमच्यापैकी एकाच्या अहवालात ‘वाहक, पण थॅलेसेमियाचा नव्हे’ असे, म्हणजे हिमोग्लोबिन एस किंवा हिमोग्लोबिन ई असे लिहून आले, तर सुटलो असे समजू नका. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलचे जनुक एका बाजूने आणि थॅलेसेमियाचे दुसऱ्या बाजूने आले तरी मूल आजारी होऊ शकते.

समजा, दोघेही वाहक निघालात. तरीही घरच्यांना वाटते तो निरोप तुम्हाला मिळणार नाही. समुपदेशक तुमच्यासमोर वाटा ठेवतो, प्रत्येकीचा खर्च, वेळ आणि जोखीम सांगतो आणि निवड तुमच्यावर सोडतो. मूल होऊ द्या किंवा नको, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. तुमच्यासारख्यांत सर्वाधिक अनुसरली जाणारी वाट म्हणजे नैसर्गिक गर्भधारणा आणि लवकर केलेले गर्भनिदान. त्यासाठी आधी तुम्हा दोघांच्या बीटा ग्लोबिन जनुकात नेमका कोणता बिघाड आहे, ते डीएनए तपासणीने शोधतात. नात्यातल्या जोडप्यांच्या बाबतीत हे काम थोडे सोपे होते, कारण दोघांतही बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेला एकच बिघाड असतो. तरीही याला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि दिवस राहिल्यावर ही सुरुवात केली तर पुढचे वेळापत्रक गळ्याशी येते.

मग गर्भ ११ ते १३ आठवड्यांचा असताना सोनोग्राफीत पाहत पोटातून बारीक सुई नेऊन वारेच्या भागाचा अगदी लहानसा तुकडा घेतात. याला सीव्हीएस म्हणतात. ही वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून तीच तपासणी करता येते. अनुभवी हातांनी केलेल्या या तपासण्यांमुळे गर्भ पडण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो, पण तो शून्य नाही आणि तसे सांगूनच तुमची लेखी संमती घेतली जाते. अहवाल साधारण आठवडा-दहा दिवसांत येतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर उत्तर चुकू शकते. म्हणून तशी भेसळ नाही ना हे तपासले का, एवढा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तशास्त्र संस्था आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांचे गर्भनिदान तिथे अनेक वर्षांपासून होत आले आहे. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी तिथली दिली किंवा पुण्यातल्या एखाद्या नोंदणीकृत केंद्राची दिली, तरी चालेल.

यात कायद्याची भीती बाळगू नका. १९९४ चा गर्भनिदानाचा कायदा लिंग सांगण्यास बंदी करतो. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात केलेल्या निदानाला तो स्पष्ट परवानगी देतो. अहवालात मुलगा की मुलगी हे लिहिलेले नसेल आणि तुम्हीही विचारू नये. गर्भ आजारी असल्याचे निदान झाले आणि तुम्ही गर्भपाताचा निर्णय घेतला, तर सीव्हीएसचा अहवाल कायद्याच्या मुदतीच्या पुष्कळ आधी हाती येतो. गर्भ वाहक निघाला तर काहीही करायचे कारण नाही, तो तुमच्यासारखाच असेल. मात्र चारात एक हा हिशेब प्रत्येक खेपेला नव्याने सुरू होतो. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळची तपासणी टाळता येत नाही.

दुसरी वाट प्रयोगशाळेत गर्भधारणा करून, भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधीच तपासण्याची. गर्भपाताची वेळ येऊ नये असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ती उपयोगी आहे, पण खर्च लाखांत जातो, पहिल्याच खेपेत यश येईल याची हमी नसते आणि खात्रीसाठी गर्भारपणात पुन्हा तपासणी करायला सांगतात. दत्तक घेणे किंवा तपासणी न करता मूल होऊ देणे हेही पर्याय आहेत. शेवटचा पर्याय निवडायचा असेल तर त्याचा अर्थ पुरता समजून घ्या: आजारी मूल झाल्यास दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी रोजचे औषध, आणि मगज-प्रत्यारोपणाचा विचार केल्यास सख्ख्या भावंडाचा मगज जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक.

एका भ्रमाबद्दल इथेच सांगतो. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ या वाक्याने बीटा थॅलेसेमियाबद्दल काहीही कळत नाही. पोटातल्या बाळाचे रक्त वेगळ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनवर चालते, ज्यात बीटा साखळी नसतेच. त्यामुळे बिघाड असला तरी बाळ पोटात आणि जन्मानंतरचे काही महिने अगदी निरोगी दिसते. गर्भारपणात डाउन सिंड्रोमसाठी आईच्या रक्ताची जी तपासणी होते, तिचाही या आजाराशी संबंध नाही.

थॅलेसेमियाचा प्रश्न सुटला, तरी नात्यातल्या लग्नाचा प्रश्न थोडासा उरतो. कोणत्याही जोडप्याच्या मुलात जन्मजात दोष किंवा गंभीर आनुवंशिक आजार असण्याची शक्यता साधारण शंभरात तीनच्या आसपास असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या संसारात तीत आणखी दोन-तीनची भर पडते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव मुले ठीकच असतात. घरात माहीत नसलेल्या आजारांचे सामाईक वाहकत्व शोधण्यासाठी दोघांच्या जनुकांची विस्तृत तपासणी करता येते, परंतु ती महाग असते, सगळे आजार तिच्या जाळ्यात येत नाहीत आणि ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेले बदल हाती येऊन विनाकारण झोप उडू शकते. तुमच्या बाबतीत ती आधी करण्याचे मला कारण दिसत नाही. सासू-सासरे थॅलेसेमियाचे वाहक निघाले नाहीत, तर मात्र तिची गरज पडेल. त्याऐवजी गर्भधारणेपूर्वीच फॉलिक ॲसिड सुरू करणे, अठरा ते वीस आठवड्यांत नीट वेळ देऊन केलेली सोनोग्राफी, आणि बाळ जन्मल्यावर टाचेच्या रक्ताची व श्रवणाची तपासणी, एवढे नक्की करा. श्रवणाची तपासणी नात्यातल्या लग्नांत विशेष महत्त्वाची, कारण जन्मजात बहिरेपणाचे अनेक प्रकार अशाच दुहेरी वारशाने येतात.

वाहकत्व आढळले तर ती बातमी समुपदेशक तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगणार नाही. परंतु तुमची सख्खी भावंडे, दीर आणि त्यांची मुले यांच्यासाठी ती मोलाची आहे; दिरांच्या मुलांची तपासणी लग्नाच्या वयापर्यंत झाली तरी पुरते, तुमच्या भावंडांची मात्र त्यांच्या लग्नाआधी व्हावी. नातेवाइकांना देता येईल असे एखादे साधे पत्र समुपदेशकाकडून मागून घ्या, म्हणजे तोंडी सांगताना होणारी गल्लत टळते.

तेव्हा या आठवड्यात तुम्ही दोघांनी आणि सासू-सासऱ्यांनी सीबीसी व एचपीएलसी करून घ्यावी, तुमची फेरिटिनही त्याच वेळी व्हावी. गेल्या तीन महिन्यांत कोणाला रक्त भरले असेल तर ते प्रयोगशाळेत आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याचेच हिमोग्लोबिन मोजले जाईल. हे अहवाल, तुमच्या जुन्या सीबीसीचे कागद आणि नणंदेचा फोटो घेऊन समुपदेशकाकडे जा. उत्तर मिळेपर्यंत गर्भधारणा लांबवा. आणि हे वाचताना तुमची पाळी चुकलेली असेल, तर लोह भरून निघण्याची वाट न पाहता दोघांचे रक्त एकाच दिवशी डीएनए तपासणीसाठी द्या आणि नाव नोंदवतानाच गर्भ किती आठवड्यांचा आहे ते सांगा, म्हणजे तुमचा नंबर पुढे घेता येईल.